चौदाव्या मेलऐवजी पंधरा मिनिटांचा फोन

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हळद दळून देणारा एक कारखाना आहे असं समजू. मुंबईच्या एका मसाला कंपनीने त्यांना ५ टन हळद पुडीची ऑर्डर दिली आहे. पीओवर लिहिलंय: ८० मेश, करक्युमिन किमान ३ टक्के, ओलावा १० टक्क्यांच्या आत, २५ किलोची पोती, डिस्पॅच १८ तारखेला. नमुना मुंबईला गेला आणि दोन दिवसांनी मेल आला की पूड जाड आहे. कुपवाडहून उत्तर गेलं की पूड ८० मेशचीच आहे, सोबत चाचणी अहवाल. मुंबईहून परत मेल: आमच्या लॅबमध्ये नमुना बसत नाही. कुपवाडहून परत तोच अहवाल, या वेळी सही-शिक्क्यासह. तेराव्या मेलपर्यंत सीसीमध्ये नऊ माणसं झाली, १८ तारीख चार दिवसांवर आली, आणि पूड गोदामातच.

इथे बहुतेक ऑफिसांत 'मेल फार झाले, आता फोन करून टाक' असं कोणीतरी म्हणतं. सल्ला बरोबर असला तरी त्याचं कारण चुकीचं आहे. मेलची संख्या बघून काहीच कळत नाही. गाडी नंबर, एलआरची प्रत, इन्व्हॉइस, पोत्यांचे फोटो असं एकेक येत राहिलं तर तीस मेलची साखळीही निरोगी असते, कारण प्रत्येक मेलने एक गोष्ट मिटते. उलट चार मेलची साखळीसुद्धा बिघडलेली असू शकते. बघायचं ते एवढंच, की मागच्या मेलने काही मिटलं का.

रिचर्ड डाफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात संस्थांमधल्या निरोपांबद्दल एक भेद मांडला होता, तो इथे फार उपयोगी पडतो. माणसांना एखादी गोष्ट कळत नाही ती दोन तऱ्हांनी. पहिल्या तऱ्हेत माहिती नसते: गाडी कधी निघाली, बॅच नंबर काय. प्रश्न स्पष्ट असतो, फक्त उत्तर हवं असतं. अशा ठिकाणी लिहिलेलं सर्वांत चांगलं. दुसऱ्या तऱ्हेत माहिती दोघांकडे असते, पण ती दोघे वेगवेगळ्या अर्थाने वाचत असतात. तिथे आणखी माहिती पाठवून उपयोग होत नाही, कारण ती सुद्धा ज्याच्या त्याच्या अर्थानेच वाचली जाते. म्हणूनच सही-शिक्क्याचा अहवाल मुंबईत पोचूनही काही हललं नाही.

कुपवाडच्या साखळीत नेमकं काय अडलंय ते बघू. ८० मेश म्हणजे दर इंचाला ८० छिद्रं असलेली चाळणी. तिचं छिद्र साधारण १८० मायक्रॉनचं असतं. पण त्या चाळणीतून किती टक्के पूड पार झाली म्हणजे माल '८० मेशचा' म्हणायचा, हे पीओवर नव्हतं. कुपवाडवाले ९० टक्के धरत होते आणि त्यांचा माल त्यात बसत होता. मुंबईची लॅब ९८ टक्के धरत होती आणि तिथे तोच माल नापास होत होता. दोन्ही अहवाल खरे. तेरा मेलमध्ये 'किती टक्के?' हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण दोघांनाही आपलं उत्तर इतकं उघड वाटत होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच सुचलं नाही. फोनवर हे लवकर बाहेर येतं. समोरचा क्षणभर थांबतो, किंवा 'म्हणजे?' म्हणतो, आणि तिथेच कळतं की गाडी कुठे अडली. मेलमध्ये तो 'म्हणजे?' लिहिला जात नाही. त्याऐवजी 'कृपया पुन्हा तपासावे' असं लिहिलं जातं. त्यातून दोघेही मराठी असून मेल इंग्रजीत, तेव्हा ठरलेली सात-आठ वाक्यंच पुन्हा पुन्हा फिरत राहतात.

दुसरी अडचण साखळीच्या रचनेत आहे, आणि माझ्या मते फोन करायचं हे जास्त भक्कम कारण आहे. इथले प्रश्न एकात एक अडकलेले आहेत. पूड किती बारीक हवी हे ठरल्याशिवाय ती पुन्हा दळून चाळायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. बारीक दळताना पूड तापते, तापली की तेल उडतं आणि रंग-वास उतरतो, म्हणून पल्व्हरायझर सावकाश चालवावा लागतो. घाई चालत नाही. किती दिवस लागतील ते कळल्याशिवाय तारीख सांगता येत नाही. तारीख कळल्याशिवाय मुंबईला सगळा माल एकदम लागतो की थोडा आधी चालेल, हे सांगता येत नाही. आणि दोन गाड्या ठरल्या तर दुसऱ्या गाडीचं भाडं कोणाचं, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणजे किमान चार पायऱ्या. मेलवर प्रत्येक पायरीला एक फेरी लागते, आणि मुंबईच्या खरेदी विभागातल्या मॅडमना दर वेळी प्रॉडक्शनला विचारायला जावं लागतं, तेव्हा एका फेरीचा एक दिवस धरा. चार दिवस तिथेच संपले. फोनवर त्याच चार पायऱ्या एका बैठकीत उतरता येतात, मात्र उत्तरं देणारी माणसं फोनवर हवीत.

प्रश्न सुटे असते, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नसतं, तर हेच गणित उलटं झालं असतं. पाच सुटे प्रश्न एका मेलमध्ये नंबर घालून विचारले की एका फेरीत पाच उत्तरं येतात. त्यासाठी फोन करणं म्हणजे समोरच्याला कागद-पेन शोधायला लावणं.

म्हणून चौदावा मेल लिहायला बसलात की आधी वरचे तीन-चार मेल नुसते वाचून काढा. बिघाड मजकुरात दिसतो. तोच कागद दुसऱ्यांदा जोडलेला असतो. 'वर सांगितल्याप्रमाणे' किंवा 'आधीच कळवल्यानुसार' सुरू झालेलं असतं. त्याचा सरळ अर्थ असा, की लिहिणाऱ्याला वाटतं समोरचा वाचत नाही, आणि समोरच्यालाही बहुधा तेच वाटतंय. तुम्ही तीन गोष्टी विचारलेल्या असतात आणि उत्तर एकाचंच आलेलं असतं, त्यातल्या सोप्या गोष्टीचं. 'जर असं असेल तर असं करू, पण तसं असेल तर मग' अशी वाक्यं लांबत जातात. हे अडकलेल्या प्रश्नांचं पक्कं लक्षण. आणि सीसीमध्ये वरचे साहेब आलेले असतात. त्यानंतर मेल समोरच्यासाठी लिहिला जात नाही, तो साहेबांना दिसावा म्हणून लिहिला जातो, आणि अशा मेलमध्ये 'आमचा आकडा चुकीचा धरला गेला असेल' असं कोणीही कबूल करत नाही. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की लिहिणं थांबवावं असा माझा ठोकताळा आहे.

आता मुद्दा मेल नव्याने लिहिण्याचा. कुपवाडला ऑर्डर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी चौदावा मेल असा लिहायला घेतला होता; मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देतो:

'मॅडम, वर सांगितल्याप्रमाणे माल ८० मेशचाच आहे. अहवाल पुन्हा जोडत आहे. १८ तारखेचा डिस्पॅच असल्याने कृपया त्वरित मंजुरी द्यावी, अन्यथा होणाऱ्या विलंबास आम्ही जबाबदार राहणार नाही.'

हा पाठवला तर पंधरावा काय येईल ते सांगायला नको. पण दुसऱ्या टोकाचा मेलही तितकाच निकामी असतो: 'मॅडम, प्लीज कॉल करा' किंवा 'आज बोलता येईल का?' वाचणाऱ्याला कळत नाही की कशाबद्दल, किती वेळ, कोणाला सोबत घ्यायचं. तो टाळतो, किंवा एकटाच फोनवर येतो आणि प्रत्येक प्रश्नाला 'विचारून सांगते' म्हणतो. मग फोन झाला, तरी साखळी होती तिथेच.

त्याऐवजी असं लिहावं:

'नमस्कार मॅडम,

मेशबद्दल मेलवर आपलं एकमत होत नाहीये. आज किंवा उद्या १५ मिनिटं फोनवर बोलूया का?

ठरवायचं एवढंच: ५ टनांपैकी किती माल, किती बारीक, कोणत्या तारखेला निघेल.

८० मेशच्या चाळणीतून किमान ९० टक्के पूड पार झाली की चालेल, असं आम्ही धरलं होतं. तुमची लॅब किती टक्के धरते? आणि ही पूड कशात वापरणार आहात? फोनआधी एवढं क्वालिटीला विचारून ठेवाल का?

दर, करक्युमिन, ओलावा आणि पोती हे ठरलेलं आहे, त्यात बदल नाही.

आमच्याकडून मी आणि मिलचे सुपरवायझर असू. तुमच्याकडून नमुना तपासणारे असतील तर बरं.

आज ४ की उद्या ११? मी फोन लावतो.

उद्या ११ पर्यंत बोलणं झालं नाही तर माल पॅक न करता थांबवतो. तसं झालं तर १८ तारीख पुढे जाईल.'

यातली तिसरी ओळ सर्वांत कामाची आहे, आणि तीच लिहायला जड जाते. 'आम्ही असं धरलं होतं' असं आपला आकडा टाकून लिहिलं, की समोरच्याला आपल्या आकड्याशी तो ताडून बघता येतो. गंमत अशी, की ही ओळ नीट लिहिली तर कधी कधी फोनची गरजच उरत नाही. 'अहो, आम्ही ९८ धरतो' असं उत्तर पाच मिनिटांत येतं. तरीही इथे फोन करावाच, कारण पुढच्या तीन पायऱ्या बाकी आहेत.

पूड कशात वापरणार हा प्रश्न आगाऊ वाटेल. पुरवठादाराला काय करायचंय? पण पीओवर फक्त माप असतं, गरज नसते; गरज कळली की मापात कुठे सैल सोडता येईल ते कळतं. पुढे तेच झालं.

ठरलेल्या गोष्टींची ओळ दरासाठी आहे. फोन लागला की 'तसं दराचंही थोडं बघा' निघायला वेळ लागत नाही, आणि मग पंधरा मिनिटं त्यातच जातात. सुपरवायझर हवेत, कारण दिवसाला किती पूड निघेल हे ऑफिसात कोणी खात्रीने सांगू शकत नाही. सीसीतले उरलेले जण नकोत. त्यांना निकाल कळवला की पुरे. आणि शेवटची ओळ धमकी वाटू नये याची काळजी घ्या: आपण काय करणार आहोत एवढंच त्यात असावं, दोष कोणाचा ते नसावं. दोन वेळाही विचार करून द्याव्यात. सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना मालकांची किंवा खरेदीवाल्यांची गरज पडणार असेल, तर ती वेळ देऊन उपयोग नाही.

फोन ऑफिसात बसून करा, मिलच्या आवाजात नको. आपल्या आकड्यांचा तर अनुभव सगळ्यांनाच आहे: अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव फोनवर सारखेच ऐकू येतात. 'नऊ-आठ, अठ्ठ्याण्णव' असं अंक सुटे करून सांगावं. आणि पहिला प्रश्न आकड्याचाच ठेवावा, तारखेचा नव्हे. तारखेपासून सुरुवात केली की दोन्हीकडचे बचावाला उभे राहतात.

आपल्या उदाहरणातला फोन असा झाला समजा. मुंबईच्या क्वालिटीवाल्यांनी सांगितलं की ९८ टक्के त्यांना लागतात ते नमकीनवर भुरभुरायच्या मसाल्यासाठी, कारण जाड कण वर ठिपक्यांसारखे दिसतात. त्यासाठी २ टन पूड लागते. बाकीची ३ टन कांदा-लसूण मसाल्यात मिसळायची आहे. तिथे ९० टक्के चालतील. तेरा मेलमध्ये कोणी न सुचवलेला तोडगा तिथल्या तिथे निघाला: ३ टन आहे तसा १८ तारखेला, २ टन पुन्हा दळून नंतर. सुपरवायझर म्हणाले, तीन दिवस द्या. भाड्याचं मात्र मॅडमना साहेबांना विचारावं लागणार होतं. ते तसंच सोडलं. सगळं एकाच फोनवर संपवायचा हट्ट धरला की माणसं अधिकार नसताना 'हो' म्हणून जातात, आणि तो 'हो' दुसऱ्या दिवशी मागे घेतला जातो.

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी, त्याच साखळीत, सगळ्या नऊ जणांना मेल जायला हवा. नवा विषय टाकू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की मेल नव्या साखळीत जातो, आणि सहा महिन्यांनी हिशोब तपासणाऱ्याला वाद सापडतो, निकाल सापडत नाही. मजकूर इतकाच:

'आज ४ वाजता फोनवर ठरलं ते असं.

३ टन: ८० मेशमधून किमान ९० टक्के. कुपवाडहून १८ तारखेला निघेल.

२ टन: ८० मेशमधून किमान ९८ टक्के. कुपवाडहून २१ तारखेला निघेल. त्याआधी नमुना २० तारखेच्या सकाळी तुमच्या लॅबमध्ये पोचेल.

दर आणि बाकी अटी पीओप्रमाणे.

राहिलेलं: दुसऱ्या गाडीचं भाडं. मॅडम उद्या दुपारी २ पर्यंत कळवतील.

सुधारित पीओ आली की २ टनांचं दळण सुरू करतो. वरचं काही चुकलं असेल तर उद्या १२ पर्यंत सांगा.'

'१८ तारखेला निघेल' यातला 'निघेल' मुद्दाम आहे. नुसतं '१८ तारीख' लिहिलं की एक जण ती गाडी निघायची धरतो आणि दुसरा पोचायची, आणि नवी साखळी सुरू. कोण काय म्हणालं, कोणाचं आधी चुकलं होतं, हे या मेलमध्ये काहीही नको.

सुधारित पीओची ओळही सोडू नका. फोनवर ठरलेलं खरेदी विभागाच्या सिस्टिममध्ये आपोआप बदलत नाही. गेटवर माल उतरवून घेणारा माणूस जुन्या पीओवरचे ५ टन आणि एक तारीख बघतो, आणि ३ टनांची गाडी अडवतो.

काही गोष्टी तर मुळात फोनवर मिटवूच नयेत. पैशांची मुदत त्यातली पहिली. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे देण्याची मुदत लेखी ठरली असेल तर ती धरतात, पण ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही; लेखी काही नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. मालाबद्दलची हरकतसुद्धा पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी यावी लागते, तरच मुदतीच्या हिशोबात ती धरली जाते. म्हणजे खरेदीदाराने नुसती फोनवर केलेली तक्रार, किंवा तुम्ही फोनवर दिलेली '६० दिवसांनी चालेल' ही सवलत, नंतर दोघांनाही अडचणीची ठरते. मालात खरोखर दोष असेल, आणि समोरचा पैसे कापणार हे दिसत असेल, तेव्हाही आधी लेखी उत्तर द्यावं, मग हवा तर फोन.

आणि काही माणसं फोनच मागत राहतात, कारण त्यांना लिहून द्यायचं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: फोननंतरच्या मेलला ते 'ओके' सुद्धा लिहीत नाहीत, आणि दुरुस्तीही सुचवत नाहीत. असं एकदा झालं तर राहू द्या. दुसऱ्यांदा झालं तर पुढचा फोन चालू असतानाच मेल टाइप करायचा, वाचून दाखवायचा, आणि 'पाठवलाय, बघा आला का' असं विचारून मगच फोन ठेवायचा.